ध्रुवपदाची शेवटची ओळ बदलताना: एका गीताच्या आधाराने पायरीपायरीने मार्गदर्शन

गीतात ध्रुवपद परत येते तेव्हा ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक झालेले असते. त्या ओळखीमुळे गीत एकसंध वाटते, परंतु त्याच ओळखीमुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ऐकणाऱ्याचे लक्षही सैल होते. यावर एक जुना आणि परिणामकारक उपाय आहे. ध्रुवपदाच्या आधीच्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या आणि फक्त शेवटची ओळ दर वेळी बदलायची. वरवर पाहता हे काम सोपे वाटते, कारण बदलायची असते एकच ओळ. प्रत्यक्षात कस लागतो तो न बदलणाऱ्या ओळींचा. नव्या शेवटच्या ओळीमुळे त्या स्थिर ओळींचा अर्थ हलला तरच हा बदल सार्थ ठरतो. तो अर्थ हलला नाही, तर आपण ध्रुवपदाला नुसती वेगवेगळी शेपटे जोडली, इतकेच होते.

हे कसे साधायचे ते एका छोट्या गीताच्या आधाराने पाहू. ते याच लेखासाठी रचलेले आहे आणि मुद्दाम लहान ठेवले आहे, म्हणजे प्रत्येक निर्णय उघडपणे दिसेल. आधी संपूर्ण गीत वाचावे.

दूर निघाली वाट तुझी ही,
परतायाची घाई नाही.

किल्ली आहे खिडकीपाशी,
दार कधीही उघडुन घे तू;
जागा असेल दिवा उशाशी.

पत्रे आली, मग ओसरली,
अंगणातली चाहुल विरली.

किल्ली आहे खिडकीपाशी,
दार कधीही उघडुन घे तू;
बोलत असते रोज मनाशी.

उशीर झाला येता येता,
हात थांबला कुलूप बघता.

किल्ली आहे खिडकीपाशी,
दार कधीही उघडुन घे तू;
दिवाच नाही आज उशाशी.

पायरी १: स्थिर ओळी शोधणे

सुरुवात बदलणाऱ्या ओळीपासून करू नये. जी ओळ तीनदा जशीच्या तशी ऐकवायची आहे, तिच्यात निदान तीन अर्थ राहू शकतील एवढी जागा आहे का, हे आधी तपासावे. भावना थेट सांगणारी ओळ या कामी सहसा उपयोगाची नसते. ‘तुझी आठवण छळते मजला’ अशी ओळ घेतली, तर पुढे काहीही जोडले तरी आठवण छळतच राहील. त्या ओळीने आपला अर्थ स्वतःच पक्का करून टाकलेला आहे. ‘किल्ली आहे खिडकीपाशी’ ही ओळ मात्र केवळ एक माहिती देते. ती कोण देत आहे, कोणाला देत आहे, कधी देत आहे आणि देताना बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, यांपैकी काहीही ती सांगत नाही. हे सर्व ठरवण्याचे काम तिने पुढच्या ओळीवर सोपवलेले आहे.

यासाठी एक चाचणी आहे. स्थिर ओळी कागदावर एकट्या लिहाव्यात आणि त्या तीन वेगळ्या परिस्थितींत, तीन वेगळ्या तोंडी घालून मोठ्याने म्हणून पाहाव्यात. आपल्या ओळी निरोप देणारी आई म्हणू शकते, वाट पाहून थकलेली तीच आई स्वतःशी पुटपुटू शकते आणि बऱ्याच वर्षांनी परतलेले अपत्य त्या आठवू शकते. तिन्ही वेळा शब्द खरे वाटतात, म्हणून ओळी चालतील.

या चाचणीत ओळ अडली, तर तिच्यातील एखादा शब्द अर्थाला खिळवून ठेवत असतो आणि तो सहज सापडतो. दुसरी ओळ ‘दार कधीही उघड मुला तू’ अशी केली असती, तर मात्रा बरोबर बसल्या असत्या. पण ‘मुला’ या संबोधनाने बोलणारी आणि ऐकणारा हे दोघेही कायमचे ठरून गेले असते. शेवटच्या वेळी अपत्याच्या तोंडी ही ओळ केवळ उघडउघड अवतरण म्हणून आली असती आणि ‘हे आता नेमके कोण बोलत आहे’ हा क्षणभराचा संभ्रम, जो या गीताला हवा आहे, तो नाहीसा झाला असता. त्याचप्रमाणे ‘किल्ली ठेवुन गेले आहे’ असे म्हटले की बोलणारी व्यक्ती आणि काळ दोन्ही बांधले जातात. म्हणून स्थिर ओळींत ‘मी’, संबोधने, नातेदर्शक शब्द आणि ‘आज’, ‘काल’ यांसारखे काळ सांगणारे शब्द शक्यतो नसावेत. ते सारे शेवटच्या ओळीसाठी किंवा कडव्यासाठी राखून ठेवावेत. आपल्या गीतात ‘आज’ हा शब्द थेट अखेरच्या ओळीत येतो, तो याच कारणाने.

पायरी २: शेवटचे रूप आधी लिहिणे

स्थिर ओळी ठरल्या की बदलणारी ओळ क्रमाने लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. आधी गीतातले अखेरचे रूप लिहावे, मग पहिले, आणि शेवटी मधले. अखेरचे रूप कुठे पोहोचायचे आहे ते सांगते आणि पहिल्या रूपाने त्यासाठी काय पेरून ठेवायला हवे, ते त्यावरूनच कळते.

इथे अखेरच्या ओळीसाठी माझ्यासमोर तीन पर्याय होते. पहिला होता ‘आई आता उरली नाही’. तो यमकात बसत नाही ही तक्रार किरकोळ आहे. खरा दोष असा की ही ओळ घटना सांगून मोकळी होते, त्यामुळे आधीच्या दोन ओळींना करण्यासारखे काही उरत नाही. दुसरा पर्याय होता ‘कोणी नाही आज उशाशी’. यात मात्रा आणि यमक दोन्ही आहेत, पण ओळ अजूनही सर्वसाधारण आहे. ती कोणत्याही रिकाम्या घराविषयी असू शकते. तिसरा ‘दिवाच नाही आज उशाशी’. हा दिवा याच घरातला, याच गीतात पूर्वी कबूल केलेला असेल, तर त्याची अनुपस्थिती माणसाच्या अनुपस्थितीविषयी बोलू लागते आणि ‘नाही’ हा शब्द आईला लावावा लागत नाही.

हा निर्णय होताच पहिले रूप जवळजवळ ठरून गेले: दिव्याचे वचन पहिल्याच ध्रुवपदात असायला हवे. त्यातून ‘जागा असेल दिवा उशाशी’ ही ओळ आली. ‘दिवा’ आणि ‘उशाशी’ हे दोन्ही शब्द अखेरच्या ओळीत परत येतात. नवी ओळ संपूर्णपणे नव्या शब्दांची असावी, असा आग्रह नवखे कवी धरतात, पण बदल तीव्रतेने जाणवायचा असेल तर दोन रूपांत काही शब्द समान असणे हिताचे असते. समान शब्दांमुळेच ऐकणाऱ्याला पहिली ओळ आठवते आणि मधल्या काळात काय गेले, ते त्याचे त्यालाच उमगते.

मधल्या रूपाचे काम सर्वांत अवघड, म्हणूनच ते शेवटी लिहायचे. माझी पहिली ओळ होती ‘वाट पाहते अजुन उशाशी’. ती वाईट नाही, पण पहिल्या रूपाचाच अर्थ थोडा गडद करते. आई आधीही वाट पाहणार होती, आताही पाहत आहे. स्थिर ओळी तिथल्या तिथेच राहतात. ‘बोलत असते रोज मनाशी’ या ओळीने मात्र वेगळेच घडते. पहिल्या वेळी स्थिर ओळी म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाला दिलेली सूचना होती. आता ‘बोलत असते’ हे शब्द आले की त्याच ओळी मागे जाऊन अवतरण बनतात. म्हणजे किल्लीविषयीचे हे वाक्य समोर कोणीही नसताना ती रोज पुटपुटत असते. ओळींतला एक शब्दही बदललेला नाही, पण वाक्यातले त्यांचे स्थान बदललेले आहे. व्याकरणातून घडवलेला हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो ऐकणाऱ्याला आधी ऐकलेल्या ओळी नव्याने ऐकायला भाग पाडतो.

कोणते रूप ठेवायचे हे ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या ओळीमुळे स्थिर ओळींविषयी काही नवे कळले का? नवे केवळ शेवटच्या ओळीविषयी कळले असेल, तर ते रूप बाजूला ठेवावे.

पायरी ३: साचा पक्का ठेवणे

अर्थ बदलत असताना बाकी सर्व गोष्टी जागच्या जागी असाव्या लागतात, नाहीतर ऐकणाऱ्याला हा बदल म्हणजे गायकाची चूक वाटते. मात्रा, यती, यमक आणि वाक्याचा साधारण विस्तार ही चार बंधने इथे पाळलेली आहेत.

गीतातील प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे आणि आठ मात्रांनंतर थांबण्याची जागा आहे. ह्रस्व अक्षराची एक आणि दीर्घ अक्षराची दोन अशी मोजणी करावी. ज्या जोडाक्षराचा आघात मागच्या ह्रस्व अक्षरावर येतो, त्या अक्षराच्याही दोन मात्रा धराव्यात, जसे ‘किल्ली’ मधील ‘कि’. ‘जागा असेल’ च्या मात्रा २, २, १, २, १ म्हणजे आठ होतात आणि ‘दिवा उशाशी’ च्या १, २, १, २, २ म्हणजे पुन्हा आठ. ‘दिवाच नाही’ आणि ‘बोलत असते’ हेही असेच मोजून पाहावे. ‘उघडून’ ऐवजी ‘उघडुन’ लिहिले आहे ते याच हिशेबासाठी. पद्यात अशी मुभा घेण्याची रीत आहे, परंतु ती स्थिर ओळीत घेतली तर प्रत्येक वेळी तशीच राहिली पाहिजे.

यमकाची निवड सुरुवातीलाच सावधपणे करावी लागते, कारण त्याच यमकाचे निदान तीन-चार उपयुक्त शब्द पुढे लागणार असतात. ‘खिडकीपाशी’ या शब्दाला ‘उशाशी’, ‘मनाशी’, ‘कुणाशी’, ‘दाराशी’ असे बरेच सोबती आहेत. याउलट पहिली ओळ ‘किल्ली’ या शब्दावर संपवली असती, तर ‘गल्ली’, ‘हल्ली’ अशा शब्दांमागे धावावे लागले असते आणि अर्थाची दिशा यमकाने ठरवली असती. स्थिर ओळी आवडल्या पण यमक तोकडे आहे असे दिसले, तर शब्दांचा क्रम फिरवून दुसरा शब्द शेवटी आणावा. ‘खिडकीपाशी आहे किल्ली’ या रूपाची आताची ओळ तशीच झाली. गायचे गीत असेल तर शेवटचे अक्षर दीर्घ स्वराचे असणेही सोयीचे, कारण गायकाला तिथे सूर लांबवता येतो.

पायरी ४: कडव्याने बदल अटळ करणे

नवी शेवटची ओळ कडव्याच्या पोटातून यावी लागते. प्रत्येक कडव्याने एकच गोष्ट बदलावी, इतके पथ्य पुरे. इथे पहिले कडवे निरोपाचा प्रसंग मांडते. दुसरे केवळ काळ पुढे नेते: पत्रे कमी झाली, चाहूल थांबली. तिसरे बोलणारी व्यक्ती बदलते आणि ती बदलली हे ‘हात थांबला कुलूप बघता’ एवढ्यावरूनच कळते. दुसऱ्याच कडव्यात काळही बदलला असता आणि बोलणाराही, तर तिसऱ्यासाठी हाती काही उरले नसते.

कडवे आणि ओळ यांचे नाते तपासण्यासाठी अदलाबदल करून पाहावी. दुसऱ्या कडव्यानंतर तिसरे रूप आणि तिसऱ्यानंतर दुसरे रूप ठेवून गीत वाचावे. आपल्या गीतात लगेच अडते: पत्रे ओसरल्यानंतर ‘दिवाच नाही’ म्हणणारी आई आपले वचन मोडणारी ठरते, तर कुलपासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी ‘बोलत असते रोज मनाशी’ हे निरर्थक होते. अदलाबदल करूनही गीत तितकेच बरे वाटले, तर कडवी सैल आहेत असे समजावे आणि दुरुस्ती कडव्यांत करावी. शेवटची ओळ अधिक चमकदार करून हा दोष झाकला जात नाही.

पहिल्या कडव्यातील ‘परतायाची घाई नाही’ या ओळीकडेही पाहावे. ती लिहिताना साधी, प्रेमळ सूट आहे. ‘उशीर झाला’ या शब्दांनंतर तीच सूट मागे वळून टोचते. ध्रुवपदाचा अर्थ बदलतो तेव्हा अशा एखाद्या कडव्यातील ओळीलाही सोबत घेता आले, तर गीत घट्ट होते. पण हे प्रत्येक ओळीबाबत करू पाहिले, तर रचना कृत्रिम वाटू लागते.

पायरी ५: ऐकणाऱ्याच्या कानाला आधी सवय लावणे

बदल जाणवण्यासाठी आधी मूळ रूप कानात बसलेले असावे लागते. गायचे गीत असेल तर पहिले ध्रुवपद दोनदा म्हणावे आणि दोन्ही वेळा शेवटची ओळ तीच ठेवावी. नुसती वाचायची कविता असेल, तर दोनदा छापणे विचित्र दिसते. तिथे स्थिर भाग मोठा ठेवणे हाच उपाय. तीन ओळींपैकी दोन स्थिर ही माझ्या मते खालची मर्यादा आहे. दोन ओळींच्या ध्रुवपदातली एक बदलली, तर ऐकणाऱ्याला ते ध्रुवपद न वाटता पुढचे कडवे वाटू शकते.

चाल मात्र बदलू नये. शब्द बदलले आहेत म्हणून संगीतकाराला त्या ओळीचे सूरही बदलावेसे वाटतात, परंतु दोन्ही एकदम बदलले की ऐकणाऱ्याची तुलना तुटते. शेवटच्या वेळी त्या ओळीपूर्वी किंचित थांबणे किंवा साथ कमी करणे एवढे पुरेसे होते. समूहाने म्हणायच्या गीतांना हे तंत्र फारसे मानवत नाही, हेही ध्यानात ठेवावे: सर्वजण सवयीने पहिले रूप मोठ्याने म्हणतात आणि नवी ओळ त्या आवाजात बुडते.

किती बदल सोसतो, याबाबत पाश्चात्त्य परंपरेतील दोन उदाहरणे मार्गदर्शक आहेत. स्कॉटलंड-इंग्लंडच्या लोकगाथांपैकी ‘लॉर्ड रँडल’ ही फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या संग्रहात बाराव्या क्रमांकावर आहे. तिच्या परिचित पाठात मुलगा दर कडव्याच्या शेवटी आईला अंथरूण घालायला सांगतो आणि शिकारीने थकलो आहे असे कारण देतो. विष दिले गेल्याचे उघड झाल्यावर त्याच जागी मन व्याकूळ झाल्याचे कारण येते आणि आडवे व्हावेसे वाटते हा शेवट तसाच राहतो. म्हणजे शेवटच्या ओळीचाही अर्धाच भाग बदलतो, आणि तोही उशिरा. दुसरे उदाहरण एडगर ॲलन पो यांचे. ‘द रेव्हन’ या १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेविषयी त्यांनी पुढच्याच वर्षी निबंध लिहिला आणि त्यात ध्रुवपदाचा ध्वनी कायम ठेवून त्याच्या मागचा विचार बदलत नेण्याचे आपले धोरण मांडले. शब्द न बदलताही अर्थ हलवता येतो, हे त्यातून दिसते. म्हणून एखाद्या ठिकाणी जुनी ओळच नव्या कडव्यानंतर पुरेशी बोलत असेल, तर ती तिथे बदलू नये.

लहान गीतात तीन रूपे उत्तम, चार चालतात. पाचव्या रूपापर्यंत ऐकणारा पुढची ओळ काय असेल याचा अंदाज बांधू लागतो आणि गीताऐवजी कवीच्या युक्तीकडे पाहतो.

पायरी ६: दुसऱ्याच्या कानावर तपासणे

गीत पूर्ण झाल्यावर ते अशा व्यक्तीला ऐकवावे, जिला या तंत्राविषयी काहीही सांगितलेले नाही. कागद हाती देऊ नये. वाचन संपल्यावर दोन गोष्टी विचाराव्यात: तिन्ही वेळा शेवटची ओळ काय होती, आणि किल्लीविषयीची ओळ शेवटी कोण म्हणत होते. पहिल्या प्रश्नाला तिन्ही वेळचे उत्तर एकच आले, तर रूपे एकमेकांच्या फार जवळ आहेत किंवा त्यांचा फरक ओळीत फार उशिरा येतो. आपल्या गीतात ‘जागा’, ‘बोलत’ आणि ‘दिवाच’ असे पहिलेच शब्द वेगळे आहेत, त्यामुळे फरक ओळीच्या आरंभीच कळतो आणि यमकावर येईपर्यंत ऐकणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. शेवटच्या ओळी आठवल्या पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘लक्ष दिले नाही’ असे आले, तर शेवटच्या ओळींनी स्थिर ओळींना झाकून टाकले आहे; अशा वेळी सर्वांत आकर्षक रूप थोडे साधे करावे. आणि शेवटी कोण बोलत होते याविषयी ‘मुलगा, पण त्याला आईच बोलल्यासारखी वाटली असेल’ अशा अर्थाचे काहीसे अडखळत उत्तर आले, तर दुरुस्तीची गरज नाही.

लिहून देताना किंवा छापायला पाठवताना ध्रुवपद प्रत्येक वेळी पूर्ण लिहावे. ‘ध्रु.’ एवढी खूण करून जागा वाचवण्याची सवय इथे घातक ठरते, कारण टंकलेखन करणारा किंवा गायक पहिले रूपच सगळीकडे घेतो. गायकाच्या प्रतीत बदललेली ओळ अधोरेखित करावी आणि तालमीत तिन्ही शेवटच्या ओळी कडव्यांशिवाय, एकामागून एक म्हणवून घ्याव्यात.